कार्लो खानाची स्वारी : अठराव्या शतकातील एका राजकीय उपहासचित्राचे वाचन

१७८३ सालच्या डिसेंबर महिन्याच्या ५ तारखेस लंडनमधील ब्रूटन स्ट्रीटवरील टॉमस कॉर्नेल ह्या चित्रविक्रेत्याने एक उपहासचित्र विक्रीस काढले. एक लठ्ठ, दाट भुवयांचा, काळ्या दाढीच्या खुंटांचा गृहस्थ पौर्वात्य बादशहाचा पोशाख करून हत्तीवर बसला आहे. हत्तीला सोंड आहे, पण चेहरा मनुष्याचा आहे. हत्तीच्या पुढे एक सडपातळ, लांब नाकाचा मनुष्य तुतारी फुंकीत चालला आहे, आणि त्या तुतारीस निशाणाच्या जागी बंगालचा नकाशा लटकविलेला आहे. स्वारी एका इमारतीच्या दाराशी येऊन ठेपली आहे. चित्राचे शीर्षक, मराठीत सांगावयाचे तर, ‘कार्लो खानाचा लेडनहॉल स्ट्रीटमध्ये विजयप्रवेश’ असे आहे. चित्रकाराचे नाव जेम्स सेयर्स. तो मूळचा यार्मथचा वकील. चित्रकला हा त्याचा शिकून संपादन केलेला व्यवसाय नव्हता.

हे चित्र आज हिंदी वाचकाच्या हाती आले तर त्याचा पहिला समज काय होईल, हे सांगणे कठीण नाही. हत्ती आहे, पगडी आहे, बंगालचा नकाशा आहे. तेव्हा हे हिंदुस्थानातील कारभारावरील भाष्य असावे, कदाचित एखाद्या नबाबाची किंवा कंपनीच्या एखाद्या अधिकाऱ्याची थट्टा असावी, असे त्याला वाटेल. हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. तरीही तो का होतो आणि कोणत्या पुराव्याने दूर होतो, हे पाहिले म्हणजे अठराव्या शतकातील इंग्रजी उपहासचित्रांच्या वाचनाची बरीचशी पद्धती आपोआप स्पष्ट होते.

प्रथम ह्या वस्तूचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. ज्याला आज व्यंगचित्र म्हणतात ते वृत्तपत्राच्या पानात, बातम्यांच्या शेजारी येते. ‘कार्टून’ हा शब्ददेखील ह्या अर्थाने रूढ झाला तो १८४३ साली ‘पंच’ ह्या साप्ताहिकातील चित्रांमुळे. १७८३ मध्ये तशी स्थिती नव्हती. चित्र हा स्वतंत्र कागद असे आणि तो स्वतंत्र दुकानात विकला जाई. तांब्याच्या पत्र्यावर मेणमिश्रित लेप देऊन त्यावर सुईने रेखाटावयाचे, मग तो पत्रा आम्लात बुडवून उघड्या पडलेल्या रेघा खोल करावयाच्या, लेप काढून रेघांत शाई भरावयाची आणि ओलसर कागदासह तो पत्रा रुळाच्या दाबयंत्रातून काढावयाचा, अशी ही एचिंगची रीत होती. ती जलद होती. घडलेल्या घटनेवर दोन-चार दिवसांत चित्र बाहेर येऊ शके. पत्र्यावरील आकृती कागदावर उलटी उमटत असल्यामुळे अक्षरे उलटी कोरावी लागत. ह्या चित्रांतील फलकांवर आणि तोंडून निघणाऱ्या फुग्यांत कित्येकदा वेडीवाकडी अक्षरे दिसतात, त्याचे एक कारण हेच. साधी प्रत साधारणतः सहा पेन्सला आणि हाताने रंगविलेली एक शिलिंगला मिळे. मोठ्या चित्रांची किंमत अधिक असे. मजुरास ही किंमत परवडण्याजोगी नव्हती. विकत घेणारा वर्ग सुखवस्तू होता; परंतु दुकानाच्या काचेआड टांगलेली चित्रे रस्त्यावरच्या कोणासही फुकट पाहता येत. म्हणून ह्या चित्रांना दोन प्रकारचे प्रेक्षक होते, एक घरी नेऊन सावकाश वाचणारा आणि दुसरा दुकानासमोर उभा राहून पाहणारा. चित्रातील विनोदाची रचना ह्या दोघांनाही धरून केलेली आढळते.

ह्या कागदाच्या खालच्या कडेस एक बारीक ओळ असते. तीत प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि प्रकाशनाचा दिवस दिलेला असतो. १७३५ साली विल्यम हॉगार्थ आणि त्याचे सहव्यवसायी ह्यांच्या खटपटीने उत्कीर्णकांच्या हक्काचा कायदा इंग्लंडात झाला. त्याअन्वये मालकीहक्क चौदा वर्षे मिळे आणि १७६७ च्या कायद्याने ही मुदत अठ्ठावीस वर्षे झाली. पण त्यासाठी मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख पत्र्यावर कोरणे आवश्यक होते. चित्रकारांनी ही अट आपल्या फायद्यासाठी पाळली, आणि त्यामुळे इतिहासाभ्यासकाचे मोठे काम झाले. उपहासचित्र हे दिवसाच्या हिशेबाने वाचावयाचे साधन आहे. आज लागू पडणारी थट्टा आठवड्याने निरर्थक होते. म्हणून चित्रातील आकृतीकडे पाहण्यापूर्वी तळची तारीख वाचावी, आणि मग त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे पार्लमेंटात काय चालले होते ते पाहावे, हा क्रम सोडू नये.

तर ५ डिसेंबर १७८३. त्या वर्षीच्या एप्रिलपासून इंग्लंडात चार्ल्स जेम्स फॉक्स आणि लॉर्ड नॉर्थ ह्यांचे संयुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर होते. ही जोडी लोकांना विलक्षण वाटली होती, आणि त्यास कारणही होते. नॉर्थ हा १७७० ते १७८२ पर्यंत मुख्य प्रधान होता. अमेरिकन वसाहतींशी झालेल्या युद्धाचा आणि त्यातील अपयशाचा धनी तोच. त्या सर्व काळात त्याच्यावर अत्यंत जळजळीत हल्ले करणाऱ्यांत फॉक्स अग्रभागी होता. तोच फॉक्स आता नॉर्थच्या मांडीला मांडी लावून बसला. १८ नोव्हेंबर रोजी ह्या मंत्रिमंडळाच्या वतीने फॉक्सने ईस्ट इंडिया कंपनीसंबंधीचे विधेयक मांडले. कंपनीचा कारभार डबघाईस आला होता. मराठ्यांशी १७७५ पासून चाललेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले, तरी त्याचा खर्च अंगावर राहिला होता. म्हैसूरशी युद्ध चालूच होते. विधेयकाचा आशय असा होता की, कंपनीचा संपूर्ण कारभार सात आयुक्तांच्या मंडळाकडे चार वर्षांसाठी सोपवावा आणि व्यापारी बाजू पाहण्यास नऊ साहाय्यक संचालक नेमावेत. सातही आयुक्तांची नावे विधेयकातच घातली होती, आणि ते सर्व मंत्रिमंडळाचे पक्षपाती होते. त्यांत नॉर्थचा एक मुलगाही होता. हिंदुस्थानातील नेमणुका म्हणजे त्या काळच्या इंग्लंडात संपत्तीचे कोठार. ते कोठार राजाच्या आणि कंपनीच्या हातून काढून फॉक्स स्वतःच्या पक्षाच्या ताब्यात घेत आहे, मंत्रिमंडळ पडले तरी चार वर्षे ते त्याच्याच हाती राहील, असा विरोधकांचा आक्षेप होता. १ डिसेंबरला एडमंड बर्कने विधेयकाच्या समर्थनार्थ आपले प्रसिद्ध भाषण केले. त्यात कंपनीने हिंदुस्थानातील सत्ताधीशांशी, मराठ्यांशीसुद्धा, केलेल्या व्यवहारांची कडक झडती होती. ८ डिसेंबरला हाउस ऑफ कॉमन्सने २०८ विरुद्ध १०२ मतांनी विधेयक संमत केले. चित्र प्रकाशात आले ते ह्या दोन तारखांच्या मधोमध.

आता पात्रे ओळखणे सोपे जाते. हत्तीवरचा बादशहा फॉक्स आहे. दाट काळ्या भुवया आणि कितीही हजामत केली तरी काळवंडलेली हनुवटी, ह्या दोन खुणा त्या काळचा प्रत्येक चित्रकार फॉक्ससाठी वापरीत असे. नावावरून सुचणारा कोल्हा आणि त्याची शेपटी ही तिसरी खूण. हत्तीचा चेहरा नॉर्थचा आहे. तो स्थूल, फुगीर गालांचा, बटबटीत पण अधू डोळ्यांचा होता आणि सभागृहात झोपण्याबद्दल त्याची ख्याती होती. तुतारी फुंकणारा बर्क आहे. त्याचे लांब टोकदार नाक आणि बहुधा त्यावर असलेला चष्मा ह्यांवरून तो ओळखावयाचा. इतर चित्रांत त्याला जेसुइट पाद्र्याची टोपी घातलेली आढळते. त्याची आई कॅथॉलिक होती एवढ्यावरून विरोधक त्याच्या धर्मनिष्ठेबद्दल संशय घेत. जेम्स गिलरेने १७८२ सालच्या एका चित्रात त्याला असाच पाद्र्याच्या वेषात बटाटे खाताना दाखविले आहे. बटाटा हा आयरिश दारिद्र्याचा निदर्शक. अशा खुणा म्हणजे ह्या चित्रांची लिपीच होय. ती एका चित्रावरून शिकता येत नाही. एकाच व्यक्तीची पंधरा-वीस चित्रे शेजारी ठेवली म्हणजे स्थिर खुणा कोणत्या आणि प्रासंगिक कोणत्या हे कळू लागते. ह्या कामी ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहाची मोठी सूची अपरिहार्य आहे. तिचे पहिले चार खंड फ्रेडरिक जॉर्ज स्टीफन्सने १८७० ते १८८३ च्या दरम्यान आणि पाच ते अकरा हे खंड डोरोथी जॉर्ज ह्या विदुषीने १९३५ ते १९५४ च्या दरम्यान सिद्ध केले.

पात्रे ओळखली म्हणजे विनोद कळला असे मात्र नव्हे. कित्येक अभ्यासक येथेच थांबतात. ‘हा फॉक्स, हा नॉर्थ, हा बर्क’ अशी यादी दिली की चित्राचा अर्थ लागला असे त्यांना वाटते. वस्तुतः खरा प्रश्न पुढेच आहे: नॉर्थ हत्तीच का? घोडा, गाढव किंवा उंट का नाही? आणि फॉक्स खान का?

हत्तीचा विचार आधी करू. महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात हत्ती म्हणजे अंबारी, मिरवणूक, गजान्तलक्ष्मी; हत्तीवर बसविणे म्हणजे गौरव. लंडनच्या रहिवाशाला हत्ती माहीत होता तो वेगळ्या नात्याने. राणी शार्लटला १७६३ मध्ये मिळालेले हत्ती बकिंगहॅम हाउसजवळ ठेवलेले होते आणि लोक ते पाहावयास जात. त्याच्या दृष्टीने हत्ती म्हणजे एक अवाढव्य, बोजड, परदेशी जनावर, जे स्वतः प्रचंड बलवान असूनही पाठीवरच्या माणसाच्या इच्छेने चालते. नॉर्थच्या बाबतीत ह्यातील प्रत्येक गोष्ट चपखल बसते. त्याचा देह स्थूल होता, हे झाले वरवरचे साम्य. महत्त्वाचे साम्य असे की, कॉमन्समध्ये त्याच्या मागे मोठी संख्या होती. त्या संख्येच्या बळाशिवाय फॉक्सचे विधेयक पुढे सरकूच शकले नसते. हे सारे बळ नॉर्थचे, पण दिशा फॉक्सची. ज्याने कालपर्यंत ह्या जनावराला शिकारीसारखे टोचले तोच आज त्याच्या पाठीवर आरामात बसला आहे. हा संबंध सेयर्सने एका आकृतीत आणला, आणि तो शब्दांनी सांगावा लागत नाही. दुकानासमोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला एवढे कळले तरी त्याचे हसू पुरे होत असे.

खानाचे नाव जास्त खोल आहे. ‘कार्लो’ हे चार्ल्सचे इटालियन रूप; त्यात परकेपणा आहे आणि किंचित खेळकर तुच्छताही आहे. त्यापुढे ‘खान’ जोडल्यावर तत्कालीन वाचकाच्या कानात आणखी एक नाव घुमले असावे, ते म्हणजे कुली खान. नादिरशहा इंग्लंडात ‘टामस कुली खान’ ह्या नावाने सर्वपरिचित होता. १७३९ मध्ये त्याने दिल्लीत केलेली कत्तल आणि लूट ह्यांची हकीकत जेम्स फ्रेझरच्या १७४२ च्या चरित्रग्रंथातून इंग्रजी वाचकांस मिळाली होती. एक साहसी पुरुष, जो स्वतःच्या राजाला बाजूस सारून सिंहासनावर चढला आणि मग हिंदुस्थानची संपत्ती लुटावयास निघाला, असे कुली खानाचे चित्र त्यांच्या मनात होते. फॉक्सवरील आरोपही दुपदरीच होता: तो तिसऱ्या जॉर्ज राजाचा अधिकार हिरावतो आहे आणि हिंदुस्थानच्या खजिन्यावर हात टाकतो आहे. कार्लो व कुली ह्यांच्या ध्वनिसाम्याने हे दोन्ही आरोप एका नावात गोवले. हा अर्थ सेयर्सने कोठे लिहून ठेवलेला नाही. परंतु प्रसंग, ध्वनी आणि लोकांस असलेली माहिती ही तिन्ही एकाच बाजूस झुकतात, म्हणून तो ग्राह्य धरावयाचा.

ह्याच्या उलट उदाहरण त्याच चित्रातून देता येते. विजयप्रवेश हा युरोपीय चित्रकलेतील प्रतिष्ठित विषय. फ्रेंच चित्रकार ल ब्रँ ह्याचे अलेक्झांडरच्या बाबिलोनप्रवेशाचे भव्य चित्र उत्कीर्ण प्रतींच्या रूपाने युरोपभर पसरले होते, आणि त्यातही हत्ती आहेत. तेव्हा सेयर्सने त्याचे विडंबन केले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु केवळ विषयसाम्य पुरेसे नाही. विडंबन सिद्ध होण्यास आकृतींची मांडणी, हावभाव किंवा निदान एखादी विशिष्ट वस्तू जशीच्या तशी उचललेली दाखविता आली पाहिजे. तसे दाखविता येत नसेल तर ‘विजयप्रवेशाच्या परंपरेची थट्टा’ एवढेच म्हणावे. उपहासचित्रांच्या अभ्यासात सर्वांत जास्त चुका अतिचातुर्यापोटी होतात. चित्रात संदर्भ भरपूर असतात हे खरे. पण म्हणून प्रत्येक वस्तू संदर्भच असते असे नाही.

आता चित्रातील अक्षरांकडे वळावयास हवे. फॉक्सच्या निशाणावर ‘लोकांचा माणूस’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिलेले आहेत आणि ते खोडलेले आहेत. हे फॉक्सचे अभिमानाचे बिरुद होते. वेस्टमिन्स्टरच्या मतदारांचा प्रतिनिधी म्हणून त्याने ते मिरविले होते. त्या खोडलेल्या शब्दांच्या जागी ग्रीक अक्षरांत ‘राजांचा राजा’ असे शब्द आहेत. ‘राजाधिराज’ ही इराणच्या प्राचीन सम्राटांची पदवी. येथे विनोदाच्या दोन पायऱ्या दिसतात. खोडलेली ओळ कोणीही इंग्रज वाचू शके. जुने बिरुद टाकून दिले एवढे त्याला समजे. ग्रीक ओळ मात्र ज्याने लॅटिन-ग्रीकचे शिक्षण घेतले आहे त्याच्याचसाठी होती, म्हणजे पार्लमेंटचे सभासद, वकील, पाद्री ह्यांच्यासाठी. अशा वाचकाला ती ओळ उलगडल्याचा आनंद मिळे, आणि लोकांचा माणूस म्हणविणारा आता लोकांना न समजणाऱ्या भाषेत मिरवतो आहे, असाही त्यात एक टोमणा आहे. ‘राजांचा राजा’ ह्या शब्दांचा रोखही साधा नाही. इंग्लंडास एक राजा होता. त्या राजाचा जो राजा तो फॉक्स, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. हे वाक्य उघडपणे लिहिले असते तर राजनिंदेच्या जवळ गेले असते. चित्रात ते ग्रीकमध्ये, एका निशाणावर, एका खानाच्या संदर्भात आले. त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी वाचकावर गेली. उपहासचित्रांवर खटले क्वचित होत, त्यामागे हेही एक कारण होते. फिर्यादीला न्यायालयात प्रथम सांगावे लागे की, हे बेढब तोंड अमक्याचे आहे, आणि असे सांगणे म्हणजे थट्टा पुन्हा एकदा जाहीरपणे करण्यासारखेच होते.

चित्राच्या वरच्या बाजूस एक काळा पक्षी आहे आणि त्याला शेक्सपिअरची एक ओळ जोडलेली आहे. हा पक्षी रात्रीचा कावळा. मराठी वाचकाचा येथे हमखास गैरसमज होण्याजोगा आहे. घरावर कावळा ओरडला म्हणजे पाहुणा येणार, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. आणि दाराशी पाहुणा तर हत्तीवर बसून आलाच आहे! हे वाचन मोठे गमतीचे आहे, पण ते सेयर्सचे नव्हे. इंग्रजी परंपरेत रात्रीच्या कावळ्याचे ओरडणे हा अपशकुन आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती ओळ ज्या नाटकातून घेतली आहे त्या सहाव्या हेन्रीवरील नाट्यत्रयीच्या तिसऱ्या भागात ती कोणत्या प्रसंगी येते हे पाहावे लागते. कैदेतील राजा हेन्री आपला मारेकरी रिचर्ड ह्याला त्याच्या जन्मसमयीचे अपशकुन ऐकवतो आहे. पुढे हाच रिचर्ड पुतण्यांना दूर करून राज्य बळकावतो. म्हणजे ओळ नुसती अशुभसूचक नाही. ती राज्यापहारकाच्या जन्माविषयी आहे. ज्याला नाटक पाठ आहे त्याच्यापुढे फॉक्स क्षणभर तिसरा रिचर्ड म्हणून उभा राहतो. शेक्सपिअरचे नाव पाहून ‘साहित्यिक अलंकरण’ असा शेरा मारून पुढे जाणाऱ्या अभ्यासकाच्या हातून चित्राचा हा सर्वांत विषारी भाग निसटतो.

आणि इमारत? ती लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाउस, म्हणजे कंपनीची कचेरी. बादशहाची स्वारी हिंदुस्थानात शिरत नसून लंडनच्या व्यापारी पेठेतील एका दारात शिरत आहे, हे पाहिले की चित्राचा विषय निश्चित होतो. झगडा लंडनमधला आहे. हिंदुस्थान येथे पोशाख, जनावर आणि एक नकाशा एवढ्याच रूपांनी हजर आहे. बंगालचा नकाशा बर्कच्या तुतारीला लटकतो, कारण बर्कने चार दिवसांपूर्वी हिंदुस्थानातील अन्यायांची तुतारी फुंकली होती. ते सारे करुण वर्णन म्हणजे फॉक्सच्या स्वारीपुढची ललकारी, असे सेयर्सला सुचवावयाचे आहे. येथे आजच्या वाचकाला थोडे थांबावे लागते. विधेयकात पक्षस्वार्थ होता हे नाकारता येणार नाही. परंतु कंपनीच्या जुलमास आळा घालण्याचा तो एक खरा प्रयत्नही होता. पौर्वात्य जुलमाचा पोशाख चित्रात चढविला गेला तो जुलमाविरुद्ध कायदा आणणाऱ्याच्या अंगावर, आणि ज्यांच्या कारभाराची झडती होत होती ती कंपनी मात्र चित्रात लुटल्या जाणाऱ्या घरासारखी दिसते. सेयर्सच्या आधीच्या, २५ नोव्हेंबरच्या चित्रात तर फॉक्स ईस्ट इंडिया हाउस सबंध खांद्यावर उचलून चालला आहे. लूट झाली ती घराची. बंगालची लूट हा विषयच नाही.

वेषावरून अर्थ ठरत नाही, ह्याचे ढळढळीत प्रमाण अडीच वर्षांनी मिळते. ११ मे १७८६ रोजी गिलरेचे एक चित्र विल्यम हॉलंडने प्रसिद्ध केले. त्यात पौर्वात्य वेषातील पुरुष उंटावर बसलेला आहे आणि त्याच्यावर तीन दरोडेखोर तुटून पडले आहेत. दरोडेखोर तेच: बर्क, फॉक्स आणि नॉर्थ. उंटावरचा पुरुष वॉरन हेस्टिंग्ज असून शीर्षकात त्याला ‘हिंदुस्थानचा तारणहार’ म्हटले आहे. वेष तोच, पण १७८३ मध्ये तो अपहारकाचा होता आणि आता तो सज्जनाचा आहे. आणि गिलरे हेस्टिंग्जचा पक्षपाती होता, असे ह्यावरून अनुमान काढावे, तर १ मार्च १७८८ च्या त्याच्याच चित्रात हेस्टिंग्ज लॉर्ड चान्सेलर थर्लोच्या खांद्यावर बसून रक्ताचा समुद्र ओलांडतो आहे आणि त्या समुद्रात हिंदी लोकांची प्रेते तरंगत आहेत. चित्रकार धंदेवाईक होता. प्रकाशक बदलला, गिऱ्हाईक बदलले, आठवडा बदलला की पक्षही बदलत असे. म्हणून ‘गिलरेचे मत’ असा शब्दप्रयोग फार जपून करावयास हवा. सेयर्सची गोष्ट निराळी. तो पिटच्या बाजूचा होता आणि त्याच बाजूस राहिला.

शेवटी परिणामाचा प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे. १७ डिसेंबर रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने ९५ विरुद्ध ७६ मतांनी विधेयक फेटाळले. दुसऱ्याच दिवशी राजाने मंत्रिमंडळ बडतर्फ केले, आणि १९ तारखेस विल्यम पिट चोविसाव्या वर्षी मुख्य प्रधान झाला. १७८४ च्या वसंतातील निवडणुकीत फॉक्सच्या अनुयायांची मोठ्या संख्येने हकालपट्टी झाली. ‘सेयर्सच्या चित्रांनी पार्लमेंटातील वादविवादांपेक्षा आणि छापील लेखनापेक्षा आपले अधिक नुकसान केले’, अशा आशयाचे उद्गार फॉक्सने काढल्याचे सांगतात. हे वाक्य उपहासचित्रांवरील बहुतेक प्रत्येक पुस्तकात आढळते. परंतु ते येते कोठून? लॉर्ड एल्डनच्या आठवणींतून. एल्डन हा पिटच्या पक्षाचा होता आणि त्याने ह्या आठवणी उतारवयात नोंदविल्या. फॉक्सच्या स्वतःच्या पत्रव्यवहारातील ते वचन नव्हे. आठवण खोटी आहे असे म्हणण्यास आधार नाही. पण तिच्यावर सबंध निवडणुकीचा निकाल तोलून धरणे बरे नव्हे.

घटनाक्रम पाहिला तर चित्राच्या पराक्रमाला मर्यादा पडतात. लॉर्ड्समधील मतदान चित्राने फिरविले नाही. जो कोणी विधेयकाच्या बाजूने मत देईल तो आपला शत्रू, असा निरोप राजाने अर्ल टेम्पलच्या मार्फत सरदारांना पोहोचविला होता, आणि सरदारांना तेवढे पुरेसे होते. निवडणुकीतही सरकारी वजन आणि पैसा ह्यांचा भाग मोठा होता. तांब्याच्या पत्र्यातून चांगल्या प्रती निघत त्या शेकड्यांनी, फार तर हजार-दोन हजार. नेमका आकडा अभ्यासकांत वादग्रस्त आहे. चित्रांचे मुख्य क्षेत्र लंडन आणि त्यातही पश्चिमेकडील सधन वस्ती. ग्रामीण मतदारसंघांतील मतदारांपर्यंत ही चित्रे कितीशी पोहोचली असतील? उलट बाजूसही एक भक्कम पुरावा आहे. पिटने अधिकारावर आल्यावर सेयर्सला एक्सचेकरच्या न्यायालयात मार्शलचे पद दिले. हिशेबी राजकारणी निरुपयोगी माणसाला सरकारी जागा देत नाही. शिवाय ‘कार्लो खान’ हे नाव चित्राबाहेर पडले. पुढच्या काही महिन्यांत निघालेल्या इतर चित्रकारांच्या चित्रांतही फॉक्सला ह्याच नावाने संबोधलेले आढळते. म्हणजे चित्राने मते फिरविली असोत वा नसोत, त्याने विरोधकांच्या हाती एक तयार नाव दिले. संयुक्त मंत्रिमंडळाविषयीचा अस्पष्ट तिटकारा आणि विधेयकाविषयीची गुंतागुंतीची घटनात्मक शंका ही दोन्ही त्या नावात सामावली.

ह्या चित्राच्या ज्या प्रती आज पाहावयास मिळतात त्यांविषयीही सावध राहणे इष्ट आहे. अठराव्या शतकातील पत्रे एकोणिसाव्या शतकात पुन्हा छापले गेले. गिलरेचे पत्रे तर बोन ह्या प्रकाशकाने संग्रहाच्या रूपाने १८५० च्या सुमारास पुन्हा काढले. पुनर्मुद्रित प्रतीवर मूळ तारीख तशीच राहते, रेघा मात्र झिजलेल्या असतात. रंगीत प्रतीतील रंग केव्हा चढविला हेही दर वेळी तपासावे लागते, कारण रंग हाताने भरलेला असतो आणि तो दहा वर्षांनी किंवा शंभर वर्षांनीही भरता येतो. ग्रंथांतील छायाचित्रांत कित्येकदा कडा कापून टाकतात आणि तळची प्रकाशनाची ओळ नाहीशी होते. मग ‘सुमारे १७८४’ असे छापले जाते. ५ डिसेंबर १७८३ च्या चित्राला ‘सुमारे १७८४’ म्हटले की बर्कच्या तुतारीचा अर्थ गेला, कारण ती चारच दिवसांपूर्वी वाजली होती. आणि हत्ती ज्या दारात शिरू पाहतो आहे ते दार लवकरच बंद व्हावयाचे आहे, हे चित्रकारास अजून ठाऊक नव्हते, हेही ध्यानात येत नाही. सेयर्सने रेखाटला तो विजयप्रवेशच होता. स्वारी थांबली ती बारा दिवसांनी.